गौरी-गणपतीची आरास आणि घरात दीड वर्षाचं मूल: बटण सेल, चुंबक, मणी कसे सांभाळायचे

गेल्या वर्षी गौरीपूजनाच्या संध्याकाळी, हळदीकुंकवाच्या ऐन गर्दीत, माझ्या जाऊबाईंनी पाटाखालून एक बॅटरीवरची पणती उचलली. पणती उलटी पडलेली, खालचं झाकण उघडं, आत सेल नाही. शेजारीच माझी पंधरा महिन्यांची मुलगी बसलेली, तोंडाला लाळ. लाळ तिच्या तोंडाला कायमच असते, दात येत होते. पण त्या पणतीत मुळात सेल होता का, हेच घरात कुणाला सांगता येईना. कुणी म्हणालं, ती सकाळपासून बंदच होती. कुणी म्हणालं, छे, मीच लावली.

पुढे काय झालं ते खाली येईलच. त्या रात्री आमचं चुकलं ते एवढंच, की कुठली वस्तू किती आहे हे कुणी मोजलं नव्हतं. सेल हरवला आहे की नव्हताच, हे कळलं असतं तर निर्णय एका मिनिटात झाला असता. यंदा मी सगळी आरास मोजून लावली आणि मोजून काढली. घरात एक ते तीन वर्षांचं मूल असेल आणि ही तुमची पहिलीच वेळ असेल, तर तो क्रम असा.

लागणाऱ्या वस्तू

- झाकण घट्ट बसणारे तीन डबे: एक सेलसाठी, एक चुंबकांसाठी, एक मणी-मोत्यांसाठी
- चष्म्याला लागतो तो बारीक स्क्रू ड्रायव्हर
- रुंद चिकटपट्टी
- कागद आणि पेन (फोनमधली यादी नको, फोन त्या दिवशी कुणाच्याही हातात असतो)
- जुन्या स्पीकरमधलं मोठं चुंबक, काठीला बांधून
- साधा टॉर्च
- मध. का ते सहाव्या पायरीत.

१. आठ दिवस आधी सगळं ताटात ओता

माळ्यावरचा खोका उतरवला की आपण लगेच सजवायला घेतो. तसं न करता दार लावून, मूल झोपलेलं असताना, एकेक पिशवी मोठ्या ताटात उपडी करा. जमिनीवर किंवा सतरंजीवर नको. सतरंजीच्या विणीत मोती बसतो तो झाडूनेही निघत नाही, रांगणाऱ्या मुलाच्या दोन बोटांना मात्र बरोबर सापडतो.

मग कागदावर लिहा. माझा यंदाचा कागद असा होता: पणत्या १२, त्यात सेल १२. तारेची माळ १, सेल २. चुंबकाच्या नथी ३, म्हणजे तुकडे ६. मोत्याच्या माळा ५. सुटे खडे: नकोत. हा कागद मी देवघराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग स्वतःच त्यात साड्यांच्या पिना वाढवल्या.

छोटं म्हणजे किती छोटं, याचा एक ठोकताळा आहे. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला जी नळी वापरतात तिचा व्यास सुमारे ३.२ सेंटीमीटर असतो. त्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू अशा मुलाला द्यायची नसते. घरी टॉयलेट पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या. ती जरा मोठी असते, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. त्यातून जे खाली पडेल ते सगळं आपल्या यादीत.

इथे एक गैरसमज काढून टाका. ‘बाजारात मिळतं म्हणजे तपासलेलंच असणार’ हे खेळण्यांच्या बाबतीत थोडंफार तरी खरं आहे. २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पण पणती, तोरण, नथ ही खेळणी नव्हेत. मुलाच्या डोळ्यांना ती खेळणीच दिसतात, नियमाला मात्र दिसत नाहीत.

२. दिवे: बटण सेलचं काम सगळ्यात आधी

बॅटरीवरच्या बहुतेक पणत्यांमध्ये सीआर २०३२ नावाचा चपटा सेल असतो. नावातच त्याचं माप आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. एक ते चार वर्षांच्या मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकेल असा हा आकार. बाटलीच्या बुचातल्या माळांमध्ये त्याहून लहान, एलआर ४४ जातीचे सेल असतात. तेही नकोतच, पण मोठा चपटा सेल अडकण्याची भीती जास्त.

सेल फुटून आतलं रसायन गळतं आणि त्याने भाजतं, असं बरेच जण समजतात. तसं होण्याची गरजच नसते. सेलच्या दोन्ही बाजूंना ओली त्वचा लागली की तिच्यातून वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूपाशी, म्हणजे अधिकचं चिन्ह नसलेल्या लहान बाजूपाशी, तीव्र क्षार तयार होतो. तो क्षार ऊती जाळतो. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, सुरुवात त्याच्या बरीच आधी झालेली असते. माझ्या नवऱ्याला हे पटत नव्हतं. गणपती गेल्यावर त्याने चिकनच्या दोन तुकड्यांमध्ये एक सेल ठेवून पाहिला. जेवणं आटोपेपर्यंत एका बाजूला काळा डाग पडून बुडबुडे येत होते. तेव्हापासून घरातल्या रिमोटची झाकणं तोच तपासतो.

आणि संपलेला सेल निरुपद्रवी नसतो. पणती मिणमिणायला लागली तरी भाजायला पुरेल इतकी वीज त्यात उरलेली असते. म्हणून बदललेला जुना सेल ‘नंतर टाकू’ म्हणून मखराच्या कोपऱ्यात ठेवणं हा सगळ्यात मोठा सापळा आहे.

आता प्रत्यक्ष काम. प्रत्येक दिवा उलटा करा आणि झाकणाला स्क्रू आहे का बघा. पणत्यांना बहुधा नुसती नखाने उघडणारी खाच असते. पणती टेबलाच्या उंचीवरून चार-पाच वेळा फरशीवर पाडा. आमच्या १२ पैकी ४ पणत्यांची झाकणं दुसऱ्या-तिसऱ्या फटक्यालाच उघडली. अशा पणत्या घरात मूल आहे तोवर वापरू नका. चिकटपट्टी गुंडाळून चालेल का? मी करून पाहिलं. दिवसभराच्या उबेने पट्टीचं टोक सुटतं, आणि सुटलेलं टोक ओढणं हा मुलांचा आवडता उद्योग आहे. उंचावरच्या दिव्याला जास्तीचा बंदोबस्त म्हणून पट्टी ठीक, तिच्या भरवशावर दिवा खाली ठेवणं नाही.

यंदा मी मखराला प्लगवर चालणारी माळ लावली, तिची वायर कापडामागून नेऊन प्लग कपाटाआड घेतला. समोरच्या पाटाजवळ पेन्सिल सेलवरचा, स्क्रूने बंद होणारा डबा असलेली माळ ठेवली. पेन्सिल सेलही गिळायला देण्याची वस्तू नव्हे, पण स्क्रू काढून तो बाहेर काढणं दीड वर्षाच्या मुलाला जमत नाही. नव्या पाहुण्यांनी हौसेने आणलेले चमचमते बॅज, गाणारी भेटकार्डं, उजेड पडणारी अंगठी हेही याच यादीत घ्या. आणणाऱ्याचं कौतुक करा आणि वस्तू डब्यात टाका.

३. नथ आणि इतर चुंबकं

आमच्याकडे नाक टोचलेल्या दोघीच. बाकीच्या हळदीकुंकवापुरती चुंबकाची नथ घालतात. ती नथ हातात घेऊन बघा: पुढे मोत्यांची नथ, आणि नाकपुडीच्या आत बसणारी तुरीच्या डाळीएवढी चकती. ही चकती साध्या फ्रिजवरच्या चुंबकापेक्षा कितीतरी जोरकस असते, आणि शिंक आली तरी निसटते. बिनटोचण्याचे कानातले, पदराचे काही ब्रोच आणि पडदा बांधायचे मणी यांतही अशीच चुंबकं सापडतात.

एक चुंबक गिळलं तर ते बऱ्याचदा शौचावाटे निघून जातं, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण गोष्ट दोन चुंबकांची, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी वस्तू यांची असते. आतडं वेटोळ्यांचं असतं. एक चुंबक एका वेटोळ्यात, दुसरं शेजारच्या, आणि दोघं भिंतींतून एकमेकांना ओढून धरतात. मध्ये चिमटलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि तिथे भोक पडतं. सुरुवातीला मूल खेळत असतं. मग उलट्या आणि पोटदुखी, जी सणातल्या खाण्यावर खपवली जाते. दुसरा प्रकार नाकाचा: मोठ्यांची नक्कल करताना मूल दोन नाकपुड्यांत दोन चकत्या घालतं आणि त्या मधल्या पडद्याला दोन्हीकडून चिकटतात.

यावर माझा उपाय सरळ आहे. ज्या घरी लहान मूल आहे तिथे चुंबकाची नथ घालायची नाही. दाबाची नथ मिळते, तीत नाकपुडीला चिमटणारी तार असते, सुटा तुकडा नसतो. येणाऱ्या बायकांना मी आमंत्रणातच तसं कळवलं. ज्यांनी तरीही घातली त्यांच्या नथी जाताना मोजून नेल्या का, हे विचारायला लाज वाटली नाही. गौरीच्या मुखवट्याची नथ तारेने किंवा दोऱ्याने मागून बांधा.

४. मणी, मोती, खडे

इथे घाबरण्यापेक्षा ओवण्याकडे लक्ष द्या. बाजारातल्या मोत्याच्या माळा बारीक सुती दोऱ्यात सलग ओवलेल्या असतात. एका ठिकाणी तुटली की शंभर मोती सोफ्याखाली. पटवेकरी खऱ्या मोत्यांना जसं गाठवतात, म्हणजे प्रत्येक मोत्यानंतर एक गाठ, तसं केलं तर माळ तुटली तरी एखादाच मोती निसटतो. पाच माळांना माझ्या दोन दुपारी गेल्या. ज्यांना गाठी मारायचा कंटाळा आहे त्यांनी निदान तंगुसात ओवून दोन्ही टोकांना तिहेरी गाठ मारावी आणि माळ जोराने ओढून बघावी.

मुकुटावर, सोंडपट्टीवर चिकटवलेले खडे वेगळे. नवीन दागिना घेतला की टिश्यू पेपरने चोळून बघा. एक खडा जरी हातात आला तरी बाकीचे रांगेत उभे आहेत असं समजा. भरपूर उंचावर असेल तर वापरा, नाहीतर परत करा. टिकल्या, आरशांचे तुकडे आणि रांगोळीच्या कडेला ठेवतात ते रंगीत खडे यंदा आमच्याकडे नव्हते, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एका गोष्टीला मात्र सरळ नकार द्या: काचेच्या भांड्यात तरंगत्या दिव्यांखाली घालतात ते पाण्यात फुगणारे जेलचे मणी. कोरडे असताना मोहरी-साबुदाण्याएवढे दिसतात आणि पाण्यात कित्येक पट फुगतात. पोटातही तसेच फुगतात आणि आतडं अडवू शकतात. त्यातून ते साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना तुम्ही सांगितलं नाही तर कळायला मार्ग नाही.

५. मांडणी करताना मुलाच्या उंचीवर बसा

जमिनीवर मांडी घालून बसा आणि मखराकडे बघा. आमच्या गौरींचा पदर नेमका मुलीच्या हाताशी लोंबत होता. तो ओढला की साडी, साडीवरचा कंबरपट्टा, वरची ठुशी सगळंच खाली आलं असतं. पदर मागे दुमडून टाचला. टेबलावरच्या कापडाची झालरही तशीच आत खोचली. छोट्या वस्तू मूल स्टुलावर चढून हात लांबवेल त्याच्याही वर ठेवल्या. पुढच्या रांगेत फळं, समया, पितळी मोठी भांडी. सणाच्या दिवसांत पेटत्या समईजवळ तसंही कुणीतरी मोठं माणूस लागतंच.

पाहुण्यांच्या पर्सही जमिनीवर ठेवू देऊ नका. आमच्याकडे दाराशी एक उंच टेबल मांडलं होतं.

६. काही गेल्याची शंका आली तर

ही पायरी वाचून ठेवा, नुसती खूण करून ठेवू नका.

आमच्या त्या संध्याकाळचा क्रम सांगते. ७ वाजून १० मिनिटांनी रिकामी पणती सापडली. मी शोधायला लागले, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, “तू नीघ. आम्ही शोधतो.” तेच बरोबर होतं. शोधाशोध करत घरी थांबायचं नाही. एकजण शोधेल, दुसरा मुलाला घेऊन निघेल. निघताना तिला दोन चमचे मध दिला, रिक्षात दहा मिनिटांनी पुन्हा दोन चमचे. सोबत त्याच पणत्यांमधला दुसरा सेल घेतला, म्हणजे डॉक्टरांना माप कळेल. ७:४० ला एक्स-रे टेबलावर. फिल्म स्वच्छ निघाली. तो सेल दुसऱ्या दिवशी दागिन्यांच्या ताटात सापडला. फरशीवरून कुणीतरी नाणं समजून उचलून ठेवला होता, आणि तो चुंबकाच्या नथीच्या चकतीला घट्ट चिकटलेला होता. दोन्ही एकत्र बघून माझे हातपाय गार पडले.

मधाबद्दल नीट समजून घ्या. बटण सेल गिळल्याची शंका असेल, १२ तासांच्या आतली गोष्ट असेल, मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल आणि त्याला गिळता येत असेल, तरच. दोन चमचे, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर, दर दहा मिनिटांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेलवर लेप देऊन इजेचा वेग कमी करतो, सेल काढत नाही. मध आणायला म्हणून पाच मिनिटंही थांबू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको. मधाखेरीज खाणं-पिणं काही नाही, उलटी करवायची नाही, केळं खायला घालून ‘खाली ढकलायचं’ नाही. चुंबक किंवा मणी गेला असेल तर मधही नाही.

रुग्णवाहिकेसाठी १०८. स्वतःच्या गाडीने किंवा रिक्षाने निघालात तर वाटेत फोन करून एकच प्रश्न विचारा: लहान मुलाच्या अन्ननलिकेतून दुर्बिणीने वस्तू काढायची सोय तुमच्याकडे आत्ता आहे का? नसेल तर पुढच्या ठिकाणी जा. हा फोन सणाआधीच करून ठेवला तर उत्तम. यंदा माझ्या त्या कागदावर तळाशी दोन रुग्णालयांची नावं होती.

तिथे पोचल्यावर ‘काहीतरी गिळलंय’ असं मोघम सांगू नका. ‘बटण सेल, २० मिलिमीटर, अमुक वाजता’ असं सांगा. एक्स-रेत नाणं आणि सेल एकसारखे गोल दिसतात. सेलच्या कडेला दुहेरी कडं दिसतं आणि बाजूने घेतलेल्या फिल्ममध्ये पायरी दिसते. आधीच शंका सांगितली तर ते मुद्दाम बघितलं जातं. चुंबकाची शंका असेल तर ‘एकापेक्षा जास्त असू शकतात’ हे आवर्जून सांगा, कारण एकमेकांना चिकटलेली दोन चुंबकं फिल्मवर एकच वाटू शकतात. अशा मुलाचा एमआरआय करायचा नसतो. आणि सेल काढल्यानंतरही दिवस-आठवड्यांनी रक्ताची उलटी, काळी शी, खोकला किंवा श्वासाचा त्रास दिसला तर ताबडतोब परत. इजा आत पुढे सरकत राहू शकते.

पाहणारं कुणीच नसेल आणि मूल अचानक लाळ गाळू लागलं, खाणं नाकारू लागलं, आवाज घोगरा झाला, तर ‘सर्दी असेल’ म्हणण्याआधी दिवे मोजा. लक्षणं काहीच नसणंही शक्य आहे, म्हणून मोजणी चुकली तर लक्षणांची वाट बघू नका.

नाकात किंवा कानात सेल, चुंबक, मणी काहीही असो, चिमट्याने कोरू नका आणि थेंब घालू नका. ओलाव्याने सेलचं काम आणखी सोपं होतं. तडक कान-नाक-घसा डॉक्टर.

मणी घशात अडकून मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्या. खोकलाही निघत नाही, आवाजही नाही, अशी वेळ आली तर दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. मुलाचं डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थपडा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर पाच दाब, पुन्हा थपडा. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाब देऊ नका, छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने पाच दाब द्या. दिसत नसलेली वस्तू बोट घालून चाचपू नका, ती खोल जाते. आणि ठसका लागून मूल ‘बरं झालं’ पण नंतर श्वासाला घरघर येतेय, तर मणी श्वासनलिकेत उतरलेला असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

७. आरास काढताना

विसर्जनाहून आल्यावर सगळे दमलेले असतात आणि मखर तसंच जमिनीवर पसरतं. आमचा नियम: त्या रात्री काही काढायचं नाही, खोलीला बाहेरून कडी. दुसऱ्या दिवशी मूल झोपल्यावर, ताटात, कागद समोर ठेवून.

आधी पणत्या. सेल काढला की लगेच दोन्ही बाजू झाकतील अशी चिकटपट्टी त्याच्याभोवती गुंडाळायची, मग सेलच्या डब्यात. वापरलेले सेल कचऱ्याच्या बादलीत नाहीत, ई-कचरा घेणाऱ्याकडे. मग माळा, मग बाकीचे दागिने. शेवटी काठीला बांधलेलं चुंबक सोफ्याखाली, पाटाखाली, पायपुसण्याखाली फिरवायचं. सेलचं कवच पोलादी असल्याने तो टक्कन चिकटतो. मोती चिकटत नाहीत, त्यांच्यासाठी टॉर्च फरशीलगत आडवा धरायचा, म्हणजे प्रत्येक मण्याची लांब सावली पडते.

यंदा चुंबकाला तीन टाचण्या, एक हेअरपिन आणि दोन रुपयांचं नाणं लागलं. कागदावर सेल १४ होते, डब्यातही १४ भरले. मोती एक कमी निघाला. तो दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या चपलेत सापडला, तेव्हाच खोलीची कडी काढली.